लाल खुणेची वही

फेब्रुवारीतल्या एखाद्या सकाळी साडेदहाच्या सुमारास बारावीच्या परीक्षा केंद्राबाहेर उभं राहिलं की गर्दीत एखादी जोडी वेगळी दिसते. अकरावीतली एक मुलगी आणि तिचा कोपर धरून चालणारा बारावीतला एक मुलगा. मुलाच्या हातात पांढरी काठी, मुलीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले कागद : त्याचं हॉल तिकीट, तिचं शाळेचं ओळखपत्र आणि बोर्डाचं मंजुरीपत्र. तो उत्तरं सांगणार, ती लिहिणार. सरकारी भाषेत ती ‘लेखनिक’. पण माझ्या ओळखीचं एकही अंध मूल हा शब्द वापरत नाही. सगळे विचारतात, “रायटर मिळाला का?”

ही जोडी आपोआप जमत नाही. कुणीतरी फोन करून ती जमवलेली असते. पुण्यातल्या एका छोट्या न्यासासाठी मी हे काम अकरा वर्षं केलं आणि गेल्या वर्षी ३० जूनला सोडलं. हा लेख त्या सोडण्याबद्दल आहे. सोडायला सहा महिने लागले, आणि त्यातले बरेचसे कशात जाणार आहेत याची मला आधी कल्पनाच नव्हती.

काम ऐकायला सोपं आहे. एका बाजूला परीक्षार्थी, दुसऱ्या बाजूला लिहायला तयार असलेली माणसं; मधे आपण. अडचण अशी की तयार असलेली माणसं बहुधा चालत नाहीत. आमच्याकडे नाव नोंदवणारे निम्मे लोक आयटीतले. मनाने चांगले, शनिवारी मोकळे. पण बोर्डाच्या परीक्षेला रायटर परीक्षार्थीपेक्षा एक इयत्ता खालचा लागतो. दहावीच्या मुलाला नववीतला, बारावीच्या मुलाला अकरावीतला. त्याला उत्तर येत असेल तर तो स्वतःचंच लिहील, ही त्यामागची भीती. पदवीच्या आणि स्पर्धा परीक्षांना परीक्षार्थीने स्वतःचा रायटर आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचं असावं, असं केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८च्या मार्गदर्शक सूचना सांगत होत्या. गंमत म्हणजे त्याआधीच्या, २०१३च्या सूचनांत शिक्षणाची अशी अट घालू नये असं म्हटलं होतं. त्यामुळे जुने स्वयंसेवक अजून भांडतात, “मी तेव्हा एमएससी असून लिहिला होता पेपर!” लिहिला असेल. आता चालत नाही.

मग येतो हाताचा प्रश्न. दहा वर्षं कळफलक बडवलेल्या माणसाला मराठी माध्यमाचा पेपर देऊन पाहा. ‘सार्वभौमत्व’ लिहिताना तो रफार कुठे द्यायचा म्हणून थांबतो, आणि सांगणाऱ्या मुलाचा विचार तिथेच तुटतो. शिवाय वेळ. अंध परीक्षार्थीला दर तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. ‘तीन तासांचा पेपर आहे’ असं सांगून माणूस बोलावला तर तो दोन वाजता घड्याळ बघायला लागतो. म्हणून विचारायचं असतं ते असं : “सकाळी साडेनऊ ते दुपारी चार पूर्ण मोकळे आहात का?”

या सगळ्या खाचाखोचा कुठे लिहिलेल्या होत्या? माझ्या डोक्यात, आणि सात वह्यांत.

*

सोडायचं ठरलं ते जानेवारीत. कारणं तीन होती. आईचं दुखणं वाढलं होतं आणि नोकरी सांभाळून संध्याकाळचे दोन तास आता निघत नव्हते. दुसरं, तीन वर्षांत मी स्वतः एकही पेपर लिहायला बसले नव्हते. नुसते फोन. मुलं म्हणायची, “ताई, आता प्रश्नपत्रिकेत आकृत्या फार येतात,” आणि मी “हो का” म्हणायची. तिसरं कारण सांगायला जरा अवघड. नोव्हेंबरात एका मुलाला मी फोनवर झापलं, “आधी का नाही सांगितलंस?” त्याने चार दिवस आधी सांगितलं होतं. मीच विसरले होते. तो काही बोलला नाही. रायटर लागतो तो मुलगा समन्वयकाशी भांडत नाही, ही गोष्ट मला तेव्हा नीट कळली.

राजीनाम्याच्या पत्रात आपल्याकडे एक तयार वाक्य असतं : ‘वैयक्तिक कारणास्तव’. हे वाक्य शिष्टाचाराचं वाटतं, पण धर्मादाय संस्थेत ते घातकच. कारण तिथे पगार नसतो. पगाराच्या नोकरीतून माणूस गेला की दुसरीकडे जास्त मिळत असेल असं लोक समजून घेतात. बिनपगारी कामातून गेला की दोनच तर्क उरतात : भांडण झालं, किंवा पैशांचं काहीतरी झालं. दुसऱ्या एका संस्थेत मी हे पाहिलेलं आहे. तिथल्या बाई ‘वैयक्तिक कारणास्तव’ गेल्या आणि पुढचं वर्षभर देणगीदार एकमेकांना हळूच विचारत राहिले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, एवढंच.

म्हणून मी कारण लिहिलं. सगळं पत्र इतकंच होतं :

“आईचं आजारपण आणि नोकरी यांतून समन्वयाच्या कामाला रोज लागणारे दोन तास आता मला देता येत नाहीत. तीन वर्षांत मी स्वतः एकही पेपर लिहिलेला नाही, त्यामुळे मुलांच्या अडचणी मला ऐकूनच कळतात. ३० जूनला मी हे काम सोडते आहे. बोर्डाच्या परीक्षा मी पार पाडीन. विद्यापीठाच्या परीक्षांना नव्या समन्वयकाच्या सोबत राहीन. १ जुलैनंतर मी कोणताही निर्णय घेणार नाही. ३० सप्टेंबरपर्यंत नव्या समन्वयकाने काही विचारलं तर उत्तर देईन.”

तिसरं कारण पत्रात नाही. ते अध्यक्षांना समोर बसून सांगितलं, चहा घेताना. रायटरांच्या प्रवासखर्चावरून आमचा जुना मतभेद होता, तोही तिथेच बोलले. पत्र फाइलला लागतं आणि पुढे अनोळखी माणूस ते वाचतो. त्याला आमच्या वादातलं काही करता येणार नसतं, मग तो त्याच्या माथी कशाला मारायचा?

तारीख मात्र विचार करून निवडली होती. आमच्या कामाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि एप्रिलमध्येही नाही. फेब्रुवारी-मार्चला बोर्ड, एप्रिल-मेला विद्यापीठ, मग जून मोकळा. ऑक्टोबरच्या पुढे पुन्हा सत्र परीक्षा. जानेवारीत सोडलं असतं तर नव्या माणसाच्या अंगावर थेट बारावी कोसळली असती. जूनमध्ये नुसतं सोडलं असतं तर त्याने एकही परीक्षा माझ्यासोबत पाहिली नसती. म्हणून एक परीक्षा मी करणार आणि त्याने बघायची, पुढची त्याने करायची आणि मी बघणार, मग महिनाभर कागद. दोन्ही प्रकारच्या परीक्षा डोळ्यांखालून गेल्याशिवाय हे काम कळत नाही, आणि त्याला जानेवारी ते जून लागतोच.

‘डोळ्यांखालून गेल्याशिवाय’ असं मी तेव्हा अध्यक्षांनाही म्हणाले होते. मग माझ्या जागी कोण येणार ते ठरलं. ती जन्मांध होती.

*

दहावीपासून एमएपर्यंत आमचेच रायटर घेऊन ती शिकलेली. आता बँकेत कारकून. फोनवर माणूस चटकन ओळखते, आणि माझ्यापेक्षा जास्त पेपर तिने ‘लिहिलेले’ होते, फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूने. दिवसा तिला बँकेतून फोन घेता येत नाहीत, म्हणून दुपारच्या कामाला आणि केंद्रावर जायला एक निवृत्त काका तिच्या जोडीला आले. माझं एकटीचं काम दोघांत वाटलं गेलं. हे आधीच व्हायला हवं होतं, पण मी असेपर्यंत कुणाला सुचलं नाही, आणि मलाही नाही.

पहिल्याच रविवारी ती घरी आली आणि म्हणाली, “ताई, यादी द्या.”

मी टेबलावर सात वह्या ठेवल्या. ठेवल्याचा आवाज तिने ऐकला आणि हसली. “वह्या? म्हणजे आता तुम्हीच माझ्या रायटर. किंवा रीडर म्हणा.”

वह्यांतली नावं संगणकावर चढवायला दोन आठवडे गेले. एकूण ३४० नावं. तिच्याकडे एनव्हीडीए हे फुकट मिळणारं वाचक सॉफ्टवेअर आहे. पडद्यावरचं लिखाण ते मोठ्याने वाचतं, मराठीही वाचतं. पण त्याला तक्ता नीट लागतो. मी सवयीने दोन-तीन चौकटी जोडून त्यात ‘कोथरूड भाग’ असं ठसठशीत शीर्षक दिलं, तेव्हा तिचा वाचक तिथे अडखळायला लागला. प्रत्येक ओळीत एक माणूस, प्रत्येक रकान्यात एकच गोष्ट, रकान्याचं नाव अगदी वर. यापलीकडे सजावट नको, असं तिने मला शिकवलं.

ते जमलं. अडलं ते खुणांपाशी. माझ्या वहीत नावाभोवती रंग होते. हिरवी खूण म्हणजे हमखास येणारा. काळी म्हणजे ठीक. लाल म्हणजे बोलवायचं नाही. संगणकावरही मी चौकटी तशाच रंगवल्या. तिचा वाचक रंग सांगत नव्हता. तिच्यासाठी ३४० माणसं सारखीच होती.

“मग लाल असेल तिथे शब्दांत लिहा ना,” ती म्हणाली.

“‘लाल’ असं लिहू?”

“नाही. का लाल, ते लिहा.”

एकूण ५८ लाल नावं होती. मी एकेकाचं कारण आठवायला बसले. काहींचं लगेच सांगता आलं : आयत्या वेळी दोनदा आला नाही, परीक्षार्थीला उत्तर सुचवत होता म्हणून पर्यवेक्षकाने हटकलं, मुलीच्या पेपरला बसून नंतर तिला अवेळी फोन करत होता. ही शेवटची नोंद तर फक्त लाल रंगात अकरा वर्षं पडून होती. मी उद्या नसते तर तो माणूस पुन्हा कुणा मुलीशेजारी बसला असता. ती नोंद आम्ही अध्यक्षांपुढे ठेवली आणि नाव कायमचं काढलं.

पण १९ नावांपुढे मला काहीच आठवेना. एका बाईंपुढे बराच वेळ थांबून मी म्हणाले, “बहुतेक फार प्रश्न विचारायच्या.”

“कसले प्रश्न?”

“केंद्र कुठे, बस कुठली, किती वाजेपर्यंत…”

ती काही बोलली नाही. मलाच हसू आलं आणि मग आलं नाही. त्या बाई मला कधीतरी थकलेल्या संध्याकाळी भेटल्या असणार. त्या १९ जणांना फोन केले. सात अजून पुण्यात होते आणि यायला तयार होते. ज्यांच्या नावाने मी दरवर्षी ‘माणसं कमी पडतात’ म्हणून कुरकुरत होते, त्यातले सात माझ्याच वहीत बसले होते.

हिरव्यांचीही तपासणी झालीच. नाव, फोन, पत्ता ही माणसाची खासगी माहिती. ती त्याने मला दिली होती, पुढच्या माणसाला नव्हे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा सगळा रोख संमतीवर आहे. तो कायदा नसता तरी विचारणं बरं, कारण अनोळखी आवाजाने अचानक फोन केला की लोक उचलत नाहीत. म्हणून मी प्रत्येकाला माझ्या फोनवरून निरोप पाठवला : मी जाते आहे, अमुक जण येत आहेत, तुमचा क्रमांक त्यांना देऊ का, आणि या वर्षी किती पेपर लिहाल? ३४० पैकी ९४ जणांचं ‘हो’ आलं. बाकीचे परगावी गेलेले, नंबर बदललेले, लग्न होऊन, नोकरी लागून सुटलेले. आणि काही ‘हो’ न म्हणताच सुटू पाहणारे. वार्षिक अहवालात आम्ही मात्र ‘आमचे ३४० स्वयंसेवक’ असं छापत होतो.

*

एप्रिलमध्ये तिने पहिला पेपर स्वतः लावला, तो सविस्तर सांगते. तृतीय वर्ष बीएचा विद्यार्थी, मराठी माध्यम, राज्यशास्त्र. पेपर अडीच तासांचा, सकाळी दहाला सुरू. त्यात पन्नास मिनिटं जादा, म्हणजे एक वाजून वीस मिनिटांपर्यंत.

मी असते तर मुलाने हॉल तिकिटाचा फोटो पाठवला असता आणि मी बघून घेतलं असतं. तिला फोटो नीट वाचता येत नाही. म्हणून तिने सगळ्या परीक्षार्थींना सांगून टाकलं की सात गोष्टी टाइप करून पाठवायच्या : वर्ग, विषय, माध्यम, तारीख, वेळ, केंद्र, आणि रायटरबद्दल महाविद्यालयाची अट. शेवटचा मुद्दा मी कधीच मुलाला विचारत नसे. आदल्या दिवशी महाविद्यालयात फोन करून स्वतः विचारायची. इथे मुलानेच चौकशी करून कळवलं की पदवीधर रायटर चालणार नाही, आणि राज्यशास्त्र घेतलेलाही नको.

मग दुसऱ्या वर्षाची वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी निघाली. मी नव्या स्वयंसेवकांकडून दहा ओळी मराठीत लिहून फोटो मागवत असे. हिने फोनवर श्रुतलेखन घातलं. ‘संघराज्य’, ‘विकेंद्रीकरण’, ‘सार्वभौमत्व’ असले शब्द भरलेला उतारा तीन मिनिटं बोलण्याच्या वेगाने सांगितला आणि मग म्हणाली, वाचून दाखव. मुलगी कुठे अडखळते, कुठे शब्द गाळून पुढे जाते, हे ऐकू येतं. अक्षर काकांनी नंतर पाहिलं. मला ही पद्धत माझ्यापेक्षा सरस वाटली, कारण पेपरात नेमकं हेच घडतं : एक जण सांगतो, दुसरा त्याच्या वेगाने लिहितो. शांतपणे काढलेल्या दहा ओळी त्यातलं काही सांगत नाहीत.

पेपरच्या दोन दिवस आधी तिने दोघांची फोनवर गाठ घालून दिली. संस्थेने रायटर पुरवला तर परीक्षार्थीला तो दोन दिवस आधी भेटू द्यावा, ही सूचना २०१८च्या कागदात आहेच. एकमेकांचा वेग जुळतो, शिवाय मुलगा आधीच सांगून ठेवतो : मी ‘खोड’ म्हणालो तर शेवटचं वाक्य काट, ‘थांब’ म्हणालो तर पेन उचल, प्रश्न दोनदा वाच, पण स्वर चढवून वाचू नकोस.

आदल्या रात्री नऊ वाजता रायटर मुलीच्या आईचा फोन आला. तिला ताप भरला होता.

मी तेव्हा तिच्या शेजारीच होते. माझ्या तोंडावर एक नाव आलं होतं. पाच मिनिटांच्या अंतरावर राहणारा, हाक मारली की येणारा मुलगा. मी नाव गिळलं. तिने तक्त्यात ‘राखीव’ असा रकाना केला होता. प्रत्येक पेपरला दुसरं एक नाव आधीच विचारून ठेवलेलं. मी असं कधी केलं नव्हतं, कारण माझा राखीव रकाना म्हणजे माझी आठवण. राखीव मुलगा ‘येतो’ म्हणाला. पण त्याच्या नावाचं पत्र महाविद्यालयाकडे नव्हतं. आयत्या वेळी रायटर बदलण्याची मुभा सूचनांत आहे, पण फाटकावरच्या माणसाला ती ठाऊक असेलच असं नाही. काका सकाळी सव्वानऊला मुद्रित सूचना घेऊन पोचले, त्या ओळीखाली रेघ मारलेली. मुलाचा अर्ज, त्याच्या यूडीआयडी कार्डाची प्रत आणि नव्या रायटरचं ओळखपत्र बरोबर होतं. पेपर दहा मिनिटं उशिरा सुरू झाला आणि तेवढीच मिनिटं पुढे वाढवून मिळाली.

रात्री मी तिला माझ्या मनातलं नाव सांगितलं. “तो पदवीधर झालाय जानेवारीत,” ती म्हणाली. “चालला नसता.”

*

जूनमध्ये कागद. इथे एक कायद्याची गोष्ट लहान संस्थांना नीट माहीत नसते. नुसता समन्वयक सोडून गेला तर कुठे काही कळवावं लागत नाही. कायद्याच्या लेखी तो कुणीच नसतो. पण छोट्या न्यासात राबणाऱ्या माणसाला विश्वस्तही करून टाकण्याची पद्धत आहे, आणि तशी मी होते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. त्याला राजीनामा आणि तो मंजूर केल्याचा सभेचा ठराव जोडतात. तो मंजूर होऊन परिशिष्टात नोंद बदलेपर्यंत कागदोपत्री जुनंच नाव चालतं. काम सोडून दहा वर्षं झालेल्या, क्वचित हयातही नसलेल्या माणसांची नावं उताऱ्यावर अशीच राहून जातात, आणि पुढे बँक किंवा देणगीदार उतारा मागतो तेव्हा धावाधाव होते. आमचा अर्ज ऑगस्टमध्ये गेला. बँकेतली माझी सही त्याआधीच काढून घेतली.

सगळ्यात चिवट निघाला तो फोन नंबर. अकरा वर्षं संस्थेचा नंबर म्हणजे माझाच नंबर. पत्रकांवर तोच, शाळांच्या फलकांवर तोच, वसतिगृहाच्या भिंतीवर कुणी खडूने लिहिलेलाही तोच. संस्थेच्या नावाने नवं सिम घेतलं, नवी पत्रकं वाटली, तरी जुलैत मला ४१ फोन आले. मी प्रत्येकाला नवा नंबर सांगायची आणि थांबायची. अवघड जातं ते थांबणंच. समोरचा म्हणतो, “पण ताई, तुम्हीच बघा ना,” आणि आपल्या तोंडून आपोआप निघतं, “बरं, काळजी करू नकोस, मी आहेच.”

निरोपसमारंभातही मी हेच म्हणाले होते : काही लागलं तर मी आहेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती वाजवत नव्हती. घरी जाताना रिक्षात मला म्हणाली, “ताई, ते वाक्य परत नका म्हणू. मग मला कोण फोन करणार?”

एकदा मी चुकलेच. नोव्हेंबर, रात्री पावणेदहा, जुन्या ओळखीचा विद्यार्थी, दुसऱ्या दिवशीचा पेपर, आवाज रडवेला. मी नंबर सांगितला नाही. वीस मिनिटांत माझ्या एका खात्रीच्या मुलीला उठवून तयार केलं आणि मोठ्या समाधानाने झोपले. सकाळी केंद्राच्या फाटकाशी दोन रायटर उभे होते. त्या मुलाने घाबरून दोघींना फोन केले होते, आणि तिनेही माणूस लावला होता. हिचा माणूस रीतसर पत्र घेऊन आला होता, म्हणून तो आत गेला. माझी मुलगी कॉलेज बुडवून आलेली; ती परत गेली. पुढच्या वेळी हिने फोन केला तर तिने “बघते” म्हटलं, आणि मग उचललाच नाही. ९४ मधली एक कमी झाली.

मी माफी मागायला फोन केला. ती रागावली नव्हती. “नोंद केलीय,” एवढंच म्हणाली.

या मार्चमध्ये तिचा फोन आला. एमएच्या एका विद्यार्थिनीचा मराठीचा पेपर होता, पदवीधर चालणार होता. “साडेनऊ ते अडीच मोकळ्या आहात का?” मला क्षणभर कळलंच नाही की ती मला रायटर म्हणून विचारते आहे. चार वर्षांनी मी पेपर लिहायला बसणार होते. होकार दिला आणि सहज विचारलं, “तुझ्या तक्त्यात माझी ओळ आहे का? माझ्यापुढे काय लिहिलंयस?”

पलीकडे तिचा वाचक पुटपुटताना ऐकू आला. मग तिने तो फोनजवळ धरला. यांत्रिक आवाज एका सुरात वाचत गेला : “अक्षर चांगलं. वेळेवर येतात. परस्पर माणूस लावतात, आधी बजावावं. पेपरात मधे सुचवण्याची शक्यता.”

“हे शेवटचं कशावरून?” मी विचारलं.

“दहावीला, भूगोलाच्या पेपरला,” ती म्हणाली, “माझ्याशेजारी तुम्हीच तर बसला होता, सरावाला.”